चार्ज देताना लिहिलेली अकरा पानं

भोसरीच्या एमआयडीसीतली ही कंपनी पंपांना लागणारे छोटे सुटे भाग बनवते. माणसं चाळीस. जिन्याखाली एक कुलूपबंद कपाट आहे आणि त्यात एक सर्व्हर. गेली नऊ वर्षं कंपनीची सगळी ईमेल त्याच्यातूनच ये-जा करते. ग्राहकांची ड्रॉइंग, खरेदीच्या ऑर्डरी, बँकेची पत्रं, पगाराच्या स्लिपा, सगळं. हे कपाट सांभाळणारे गृहस्थ नोकरी सोडून नागपूरला निघाले. एक महिन्याची नोटीस होती. मालकांनी सांगितलं, "नव्या मुलीला सगळं नीट समजावून द्या." त्यांनी समजावून दिलंच, आणि शिवाय अकरा पानं लिहून ठेवली.

सरकारी कचेरीत चार्ज देताना कपाटं, फायली, शिक्के यांची यादी होते आणि दोघांच्या सह्या होतात. संगणकाच्या कामात मोजता येण्यासारखं फार थोडं असतं. सर्व्हर एकच, वायरी चार. खरा कारभार असतो तो दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीच्या संगणकावर केलेल्या पाच-सहा नोंदींमध्ये, ठरलेल्या तारखांमध्ये आणि एका माणसाच्या डोक्यात. म्हणून ही अकरा पानं निवांत वाचून बघण्यासारखी आहेत. कंपनीचं खरं नाव इथे देत नाही. त्याच्या जागी उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं example.com हे नाव आणि तसेच राखीव आयपी पत्ते वापरले आहेत.

पहिल्या पानावर पहिलंच वाक्य असं होतं: "पहिले पंधरा दिवस काहीही बदलू नका, फक्त बघा." त्याखाली तीन चौकटी. डोमेन कुठे नोंदवलं आहे, डीएनएस कुठे चालतं, आणि सर्व्हर कुठे आहे. ही तीन ठिकाणं वेगवेगळी असू शकतात हेच पुष्कळ मालकांना ठाऊक नसतं. डोमेन म्हणजे कंपनीचं इंटरनेटवरचं नाव. ते रजिस्ट्रारकडे वर्षाच्या भाड्याने घेतलेलं असतं. डीएनएस म्हणजे त्या नावापुढे कोणता पत्ता लिहायचा याची नोंदवही, आणि ती ठेवणारी कंपनी निराळी असू शकते. सर्व्हर म्हणजे त्या पत्त्यावरचं घर. घर शाबूत असलं तरी नावाचं भाडं थकलं तर पत्र पोचत नाही.

भाडं थकण्याची गोष्ट मायक्रोसॉफ्टलाही चुकली नव्हती. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी 1996 साली सुरू केलेलं हॉटमेल मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं होतं, आणि त्यात शिरण्यासाठी passport.com या डोमेनची गरज लागायची. 1999 च्या नाताळात त्या डोमेनचं नूतनीकरण राहून गेलं आणि लोकांना हॉटमेलमध्ये शिरता येईना. मायकेल चेनी नावाच्या एका अमेरिकन प्रोग्रामरने कारण शोधून काढलं आणि स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून 35 डॉलर भरून टाकले. जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या डोक्यातून जी तारीख निसटली, ती चाळीस माणसांच्या कंपनीच्या डोक्यातून निसटायला कितीसा वेळ लागणार?

नोटेत या जागी एक बारकावा आहे आणि तो अनुभवी माणसालाच सुचतो. रजिस्ट्रारच्या खात्याला जोडलेला ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा ठेवायचा नाही. तो admin@example.com असा असला आणि डोमेनची मुदत संपली, तर "मुदत संपली" हे सांगणारी पत्रं आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा, दोन्ही त्याच बंद पडलेल्या पत्त्यावर जाणार. किल्ली घरात आणि घराला कुलूप! नऊ वर्षांपूर्वी हे खातं जाणाऱ्या गृहस्थांच्या खाजगी जीमेलवर उघडलेलं होतं. छोट्या कंपन्यांत असं सर्रास असतं आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. त्या दिवशी घाई असते, एवढंच. नोटिशीच्या महिन्यात त्यांनी ते कंपनीसाठी वेगळ्या उघडलेल्या खात्यावर वळवलं, त्याला मालकांचा फोन नंबर जोडला, आणि नोंदणी कंपनीच्या नावावर आहे की नाही ते तपासून घेतलं. मुदत उलटून गेलेलं .com डोमेन रजिस्ट्रारने खोडलं की पुढे 30 दिवस जादा दंड भरून परत मिळवता येतं. त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणालाही घेता येतं. ते दुसऱ्याने घेतलं की त्या नावावर येणारी पत्रंही त्याच्याच हातात जातात.

दुसऱ्या पानापासून डीएनएसच्या नोंदी सुरू होतात. पॅनेलमध्ये त्या कुणालाही दिसतात, मग त्या कागदावर उतरवायच्या कशाला, असं वाटेल. पॅनेलमध्ये नोंद दिसते, कारण दिसत नाही. नोटेत प्रत्येक ओळीखाली "ही का आहे" आणि "ही काढली तर कोण ओरडेल" असं लिहिलेलं होतं. मुख्य नोंदी अशा:

```
example.com.         3600 IN MX  10 mail.example.com.
mail.example.com.    3600 IN A   203.0.113.25
example.com.         3600 IN TXT "v=spf1 ip4:203.0.113.25 include:_spf.example.net -all"
_dmarc.example.com.  3600 IN TXT "v=DMARC1; p=quarantine; rua=mailto:dmarc@example.com"
```

पहिली ओळ एमएक्स. या कंपनीची पत्रं कोणत्या यंत्राकडे न्यायची ते ती सांगते. दुसरी त्या यंत्राचा आयपी पत्ता. या दोन ओळी येणाऱ्या पत्रांसाठी. पुढच्या दोन मात्र जाणाऱ्या पत्रांसाठी आहेत आणि सगळा घोळ तिथेच होतो.

ईमेलचा मूळ करार 1982 सालचा आहे. त्यात पाठवणाऱ्याने लिफाफ्यावर मागच्या बाजूला कोणाचंही नाव लिहिलं तरी चालत असे, कारण तेव्हा या जाळ्यात असलेली माणसं थोडी आणि ओळखीची होती. पुढे खोट्या नावाने पत्रं पाठवणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आणि त्यावर उपाय म्हणून डीएनएसमध्येच नव्या नोंदी आल्या. एसपीएफ ही त्यातली सर्वांत साधी. आमच्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे याची ती यादी. वरच्या ओळीत दोघांची नावं आहेत: कंपनीचा स्वतःचा सर्व्हर, आणि include ने जोडलेला एक बाहेरचा पुरवठादार. शेवटचं -all म्हणजे बाकी कोणी आमच्या नावाने पाठवलं तर ते आमचं समजू नका.

हा बाहेरचा पुरवठादार कोण, ते पॅनेलवरून कळत नाही. नोटेत लिहिलं होतं: "पगाराच्या स्लिपा पाठवणारी सेवा. महिन्यातून एकदाच वापरली जाते. बाकी 29 दिवस ही नोंद निरुपयोगी वाटेल. काढू नका." नवा माणूस आला की साफसफाई करतो. त्यात अशी नोंद उडाली की महिनाभर काहीच होत नाही. पगाराच्या दिवशी चाळीस स्लिपा स्पॅममध्ये जातात आणि तोवर महिन्यापूर्वी काय खोडलं होतं ते कुणाला आठवत नाही. त्याखाली आणखी एक सूचना होती: नवी सेवा जोडायची झाली तर याच ओळीत भर घालायची, v=spf1 ने सुरू होणारी दुसरी ओळ लिहायची नाही. दोन ओळी झाल्या तर समोरचा सर्व्हर दोन्ही चुकीच्या धरतो. तसंच ही ओळ तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या कराव्या लागल्या तरीही ती चुकीचीच ठरते. सेवा वाढत गेल्या की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते.

डीकिम ही दुसरी तजवीज म्हणजे पत्रावरची मोहोर. सर्व्हरवर एक गुप्त किल्ली असते, तिने प्रत्येक पत्रावर खूण उमटते, आणि ती खूण खरी की खोटी हे पडताळणारी उघडी किल्ली डीएनएसमध्ये असते. गुप्त किल्लीची फाइल कुठे आहे आणि तिची प्रत बॅकअपमध्ये आहे, एवढंच नोटेत होतं आणि तेवढं पुरेसं होतं. डीमार्क या दोहोंच्या वर बसतं: तपासणीत पत्र नापास झालं तर त्याचं काय करायचं ते समोरच्याला सांगतं आणि रोजचा अहवाल मागतं. इथे quarantine आहे, म्हणजे नापास पत्र स्पॅममध्ये टाका. ते reject का केलं नाही, त्याचंही कारण लिहिलेलं होतं: दुकानातला एक जुना स्कॅनर अजून कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालून पत्रं पाठवतो. तो बदलला की reject करा. या एका वाक्याने नव्या माणसाचे दोन दिवस वाचले असतील.

रोजच्या कामांच्या पानावर सर्वांत वर सकाळचं काम होतं. सर्व्हरवर पोस्टफिक्स नावाचं मेल सॉफ्टवेअर चालतं. वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना ते लिहिलं आणि ते 1998 च्या अखेरीस लोकांसमोर आलं. पोचवता न आलेली पत्रं ते रांगेत ठेवतं आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. ती रांग बघायची आज्ञा एका शब्दाची:

```
mailq
```

आज्ञा कोणत्याही पुस्तकात सापडते. पुस्तकात सापडत नाही तो आकडा. नोटेत लिहिलं होतं: "सकाळी नऊ वाजता रांगेत साधारण 5 ते 10 पत्रं असतात. दोन-तीन जुन्या ग्राहकांचे पत्ते बंद पडले आहेत, त्यांची ती असतात. 50 च्या वर गेली तर आपल्याकडून पत्र जाण्यात काहीतरी अडथळा आहे. हजारात गेली तर कुणाचा तरी पासवर्ड चोरीला गेला आहे आणि आपला सर्व्हर स्पॅम पाठवतोय." या शेवटच्या प्रसंगात काय करायचं त्याचा क्रमही होता. आधी पोस्टफिक्स थांबवायचं, मग रांगेत वारंवार कोणाचं नाव दिसतंय ते बघायचं, त्याचा पासवर्ड बदलायचा, त्या नावाची पत्रं रांगेतून काढायची, आणि मगच सुरू करायचं. आधी रांग साफ करत बसलं तर मागून भरतच राहते.

"थांबवायचं" हे वाचून नव्या माणसाचा हात अडखळतो. मेल बंद ठेवलं तर ग्राहकांची पत्रं बुडणार नाहीत का? नाही बुडत. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला समोरून काहीच उत्तर मिळालं नाही, तर तो पत्र आपल्याकडे ठेवून चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतो. पोस्टफिक्सची ठरलेली मुदत पाच दिवसांची आहे. पण सर्व्हर चालू आहे आणि चुकीच्या मांडणीमुळे "असा पत्ता इथे नाही" असं म्हणतोय, तर पत्र त्याच क्षणी परत जातं. समोरच्याला वाटतं, माणूस नोकरी सोडून गेला. म्हणजे अर्धवट चालणारा सर्व्हर हा बंद सर्व्हरपेक्षा जास्त नुकसान करतो. या व्यवसायात नव्याने आलेल्यांना ही गोष्ट उलटी वाटते. घाबरून अर्धवट चालू ठेवण्यातच त्यांच्या हातून पत्रं जातात.

यावर पोस्टफिक्समध्ये एक सोय आहे आणि नोटेत तिच्याभोवती लाल चौकट होती. कोणताही मोठा बदल करण्याआधी हे करा:

```
postconf -e 'soft_bounce = yes'
postfix reload
```

असं केलं की कायमचे नकार तात्पुरते होतात. येणारं पत्र नाकारायचं झालं तर सर्व्हर "नाही" म्हणत नाही, "नंतर या" म्हणतो. जाणारं पत्र समोरच्याने कायमचं नाकारलं तरी ते पाठवणाऱ्याकडे परत जात नाही, रांगेत थांबतं. बदल नीट झाल्याची खात्री पटली की ही ओळ पुन्हा no करायची. विसरून तशीच राहिली तर कचरा साठत जातो.

या चौकटीचं मोल दोन महिन्यांनी कळलं. ते गृहस्थ नागपूरला स्थिरावले होते. इकडे मालकांनी इंटरनेटचा पुरवठादार बदलायचं ठरवलं, कारण जुनी लाइन पावसाळ्यात सारखी तुटायची. नव्या लाइनबरोबर नवा आयपी पत्ता आला: 198.51.100.40. काम नव्या मुलीकडे होतं आणि तिने ते मनापासून केलं.

वरच्या नोंदींमधला 3600 हा आकडा टीटीएल, म्हणजे इतरांनी ही नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची ते. एका तासाचे 3600 सेकंद. पत्ता बदलला तरी जगातले सर्व्हर तासभर जुनाच पत्ता धरून बसणार. म्हणून तिने आदल्या दिवशीच तो 300 वर आणला. शनिवारी दुपारी कारखाना बंद झाल्यावर soft_bounce चालू केलं. नव्या लाइनवर वायर लावली, पत्त्याची नोंद बदलली, एसपीएफमध्ये जुना आयपी ठेवून नवाही घातला. एमएक्सला हात लावायची गरज नव्हती, कारण ती नोंद नावाकडे बोट दाखवते, आकड्याकडे नाही. मग स्वतःच्या फोनवरून कंपनीला पत्र पाठवलं. आलं. ऑफिसमधल्या ऑफिसमध्ये पाठवलं. आलं. सगळं नीट दिसलं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता mailq ने 63 पत्रं दाखवली.

पाच ते दहाचा आकडा कागदावर नसता तर 63 हा आकडा तिला काहीच सांगून गेला नसता. तिने नोंदवही चाळली:

```
grep '5.7.25' /var/log/mail.log
```

जीमेलकडून आलेला 550 5.7.25 हा नकार पुन्हा पुन्हा दिसत होता. त्याचा अर्थ सरळ आहे: पत्र पाठवणाऱ्या आयपी पत्त्याची पीटीआर नोंद नाही, किंवा ती जुळत नाही. पीटीआर म्हणजे उलटी नोंद. नेहमीची नोंद नावावरून आकडा सांगते, ही आकड्यावरून नाव सांगते. समोरचा सर्व्हर विचारतो, 198.51.100.40 हा कोण? उत्तर mail.example.com असं आलं पाहिजे, आणि त्या नावाचा पत्ता विचारला तर पुन्हा तोच आकडा मिळाला पाहिजे. गूगलने फेब्रुवारी 2024 पासून पाठवणाऱ्या सर्वांसाठीच जे नियम लागू केले, त्यात ही अट आहे. रोज पाच हजारांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना त्याहून कडक अटी आहेत, पण ही अट चाळीस माणसांच्या कंपनीलाही चुकत नाही. तपासायची आज्ञा एका ओळीची आहे:

```
dig -x 198.51.100.40 +short
```

उत्तर रिकामं आलं.

आता अडचण अशी की ही नोंद कंपनीच्या डीएनएस पॅनेलमध्ये करता येत नाही. नाव कंपनीचं, पण आकडा इंटरनेट पुरवठादाराच्या मालकीचा. आकड्याची नोंदवही त्याच्याकडे असते, त्याला लेखी विनंती करावी लागते. तिने पुरवठादाराच्या ग्राहकसेवेला फोन केला. पलीकडच्या माणसाला पीटीआर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिसऱ्या फोनला योग्य विभाग मिळाला, विनंती ईमेलने पाठवा म्हणाले. कंपनीच्या ईमेलवरून पाठवायची सोय नव्हतीच म्हणा. तिने मालकांच्या खाजगी पत्त्यावरून पाठवली. नोंद व्हायला पुरते दोन दिवस लागले. बुधवारी दुपारी dig ने नाव दाखवलं, तिने postqueue -f करून रांग सोडली, आणि सोमवारपासून अडकलेली सगळी पत्रं दहा मिनिटांत निघून गेली. एकही परत आलं नव्हतं, कारण soft_bounce चालू होतं. तातडीच्या दोन-तीन ऑर्डरी तेवढ्या तिने सोमवारीच फोन करून कळवायला लावल्या होत्या.

मग पीटीआरबद्दल नोटेत लिहिलेलं नव्हतं का? होतं. नवव्या पानावर, इंटरनेट लाइनच्या माहितीत, जुन्या पुरवठादाराच्या ग्राहक क्रमांकाखाली एका ओळीत: "पीटीआर यांनी 2016 ला करून दिलं." डीएनएसच्या पानांवर ते नव्हतं, कारण पॅनेलमधल्या नोंदी उतरवताना जे पॅनेलमध्ये नाही ते त्या पानावर कसं येणार? इथे या नोटेतला खरा दोष दिसतो, आणि तिचं इतकं कौतुक केल्यावर तोही सांगायला हवा. ती वस्तूंप्रमाणे मांडलेली होती: डोमेनचं पान, डीएनएसचं पान, लाइनचं पान. काम करणाऱ्यासमोर मात्र वस्तू येत नाही, प्रसंग येतो. लाइन बदलायची आहे. माणूस सोडून गेला आहे. सर्टिफिकेट संपलं आहे. त्या प्रसंगी कुठकुठे हात लावायचा ते एका जागी लिहिलेलं लागतं. पोस्टफिक्सचं पान मात्र प्रसंगांप्रमाणे लिहिलेलं होतं, आणि त्यानेच तिला तारलं.

महिन्याच्या कामांमधली दोन इथे सांगण्यासारखी आहेत. पहिलं सर्टिफिकेटचं. लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळणारं 90 दिवसांचं सर्टिफिकेट सर्व्हर आपोआप नवं करून घेतो, पण नवी फाइल डिस्कवर आली तरी चालू असलेलं मेल सॉफ्टवेअर जुनीच डोक्यात धरून बसतं. त्याला reload सांगावं लागतं. मुदत संपताना इशाऱ्याचं पत्र यायचं, ते त्या संस्थेने जून 2025 पासून बंद केलं आहे. म्हणून फाइलवरची तारीख बघून समाधान मानायचं नाही. बाहेरून जोडणी करून सर्व्हर प्रत्यक्षात कोणतं सर्टिफिकेट दाखवतोय ते बघायचं. दुसरं काम लॉगचं. भारतात सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार कंपन्यांना लॉग 180 दिवस जपावे लागतात. डेबियन लिनक्सची मूळ मांडणी ते आठवड्याला गुंडाळून चारच आठवडे ठेवते. नोटेत लिहिलं होतं, rotate 4 चं rotate 26 केलं आहे, सिस्टिम नव्याने बसवली तर पुन्हा करा. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस. हे कारण लिहिलेलं नसतं तर डिस्क भरली म्हणून कुणीतरी तो आकडा पुन्हा खाली आणला असता.

पासवर्ड अकरा पानांत कुठेच नव्हते. ते मालकांच्या तिजोरीत बंद पाकिटात होते आणि नोटेत पाकिटाचा उल्लेख होता. नोट दहा जणांच्या हाती जाऊ शकते, पाकीट जाऊ नये.

अकरावं पान त्यांनी स्वतःविषयी लिहिलं होतं. "माझा प्रवेश कुठे कुठे आहे" असं शीर्षक, आणि खाली सात ओळी: सर्व्हरवरची एसएसएच किल्ली, डीएनएसच्या पॅनेलचं खातं, रजिस्ट्रारकडे राहिलेला त्यांचा फोन नंबर, बॅकअपच्या डिस्कचा पासवर्ड, ऑफिसबाहेरून शिरण्याचा व्हीपीएन, डीमार्कचे अहवाल त्यांच्या खाजगी पत्त्यावर जात होते ते, आणि गूगलकडे पाठवणाऱ्याची पत पाहण्याचं खातं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि एकेक ओळ तिच्याकडून खोडून घेतली. प्रत्येक ओळ खोडल्यावर स्वतःच्या लॅपटॉपवरून शिरायचा प्रयत्न करून पाहिला. सातही वेळा शिरता आलं नाही. मग मालकांची सही घेतली.

आता ती बारा पानं आहेत. बारावं तिने लिहिलं आणि सर्वांत वर लावलं. त्याचं शीर्षक "लाइन बदलली तर". त्यात पहिली ओळ अशी आहे की नवा आयपी पत्ता हातात आला त्याच दिवशी पीटीआरची विनंती पाठवायची, dig -x ने नाव दाखवेपर्यंत वायर हलवायची नाही, आणि वायर हलवल्यावर चाचणीचं पत्र बाहेरून आत नव्हे, तर आतून जीमेलवर पाठवून पाहायचं. त्याखाली पुरवठादाराच्या योग्य विभागाचा ईमेल पत्ता आहे. डोमेनच्या मुदतीची तारीख तिच्या, मालकांच्या आणि हिशेब बघणाऱ्या मॅडमच्या, अशी तिघांच्या फोनमध्ये आहे.